दोन रेघांमधले अंतर

वाचकहो, या महिन्याच्या लेखाला एका छोट्या प्रयोगाने प्रारंभ करू. एका कानाच्या भोकावर बोट दाबून तो घट्ट बंद करा आणि तोंड मिटून हलकेच गुणगुणा. स्वतःचा आवाज कोणत्या कानात मोठा वाटतो? उघड्या कानात वाटावा अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो बंद कानातच घुमू लागतो! हा चमत्कार ध्यानात ठेवा. लेखाच्या अखेरीस त्याची गरज लागणार आहे.

विषय निघाला तो आमच्याच शाळेतील एका चुकीवरून, आणि ती चूक आमची होती. पाचवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा होता. श्रुतलेखनात निम्मे शब्द गाळायचा आणि हाक मारली तर दुसऱ्या हाकेला वळायचा. वर्गशिक्षकांनी तक्रार केली, तेव्हा आम्ही त्याच्या प्रगतिपत्रकावर स्वहस्ते शेरा लिहिला, 'लक्ष देत नाही.' दोनदा त्याला कार्यालयाबाहेर उभेही केले. त्याची आई आली आणि म्हणाली, "गुरुजी, घरातबी तसंच करतंय ओ. पण जवळ बसून सांगितलं की सगळं ऐकतंय." या 'जवळ बसून' शब्दांनी आमचे डोळे उघडले. खोडकर मूल जवळूनही ऐकत नाही. कानाने अधू असलेले मूल जवळून ऐकते.

आमची एक जुनी विद्यार्थिनी मैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत शिकून श्रवणतज्ज्ञ झाली आहे. ही संस्था १९६५ साली स्थापन झाली आणि कर्नाटकातीलच नव्हे, देशभरातील अनेक श्रवणतज्ज्ञ तिथे घडले. आमची विद्यार्थिनी आता बेळगावात काम करते. मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना घेऊन आम्ही तिच्याकडे गेलो. मुलाची तपासणी झाल्यावर तिने वडिलांकडे पाहिले आणि म्हटले, "सर, यांचेही कान तपासू. हे माझ्या ओठांकडे पाहून उत्तरे देत आहेत." वडील वडगावात यंत्रमागावर वीस वर्षे काम करणारे. अशा प्रकारे आम्ही एकाच दुपारी बापलेकांचे दोन आलेख हाती घेऊन बसलो. त्या कागदाला ऑडिओग्राम म्हणतात. आपण श्रवणालेख म्हणू.

प्रथम हा कागद तयार कसा होतो ते पाहू. आवाज आत येणार नाही अशा खोलीत माणसाला बसवून कानांवर श्रवणयंत्राच्या टोप्या चढवतात आणि एकेका कानात 'टूं' असा शुद्ध स्वर सोडतात. ऐकू आला की बटण दाबायचे. ऐकू आला तर स्वर १० डेसिबलने लहान करतात, ऐकू आला नाही तर ५ डेसिबलने मोठा करतात. असे वरखाली करीत करीत जो सर्वांत लहान स्वर निदान निम्म्या वेळा तरी ऐकू येतो, त्या ठिकाणी कागदावर खूण करतात. कागदावर डावीकडून उजवीकडे स्वराची पट्टी चढत जाते. डावीकडे २५० हर्ट्झचा खर्ज असतो, तर उजवीकडे ८००० हर्ट्झची अतिशय तीक्ष्ण पट्टी असते. वरून खाली आवाजाचा मोठेपणा डेसिबलमध्ये वाढत जातो. म्हणजे खूण जितकी वर तितका कान चांगला, आणि जितकी खाली तितका अधू. प्रौढ माणसाची खूण २५ डेसिबलच्या रेषेपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे ऐकणे ठीक धरतात. मुलांच्या बाबतीत याहून कडक माप लावतात. उजव्या कानाची खूण लाल गोल आणि डाव्याची निळी फुली. ही चिन्हे कोल्हापूर, मिरज, बेळगाव, हुबळी, सर्वत्र तीच. आपल्या सीमाभागात सातबारा एका लिपीत आणि दाखला दुसऱ्या लिपीत अशी कसरत नित्याची आहे. या कागदाला तो जाच नाही.

हे झाले हवेतून येणाऱ्या स्वराचे. टोपीतला स्वर कानाच्या नळीतून जातो, पडदा हलवतो, पडद्यामागच्या हातोडा, ऐरण आणि रिकीब या तीन चिमुकल्या हाडांवरून पुढे सरकतो आणि मग अंतर्कर्णातील गोगलगाईच्या आकाराच्या नलिकेत पोहोचतो. तेथील सूक्ष्म केसपेशी त्याचे मज्जातंतूच्या भाषेत रूपांतर करतात. या सर्व प्रवासाची परीक्षा म्हणजे वायुवहनाची रेघ.

परंतु खूण खाली आली, तर दोष वाटेत आहे की मुक्कामी आहे, हे या एका रेघेवरून सांगता येत नाही. टपाल मिळाले नाही म्हणजे टपालवाला आजारी की घरमालकाला वाचता येत नाही? म्हणून दुसरी चाचणी करतात. कानामागच्या उंच हाडावर एक लहान कंपक दाबून बसवतात आणि तेच स्वर त्यातून देतात. कवटीचे हाड थरथरते आणि ते कंप कानाची नळी, पडदा आणि तीन हाडे यांना वळसा घालून थेट अंतर्कर्णात उतरतात. ही झाली अस्थिवहनाची रेघ. तिच्या खुणा कंसाच्या आकाराच्या असतात. तात्पर्य असे, की वायुवहन सबंध वाट आणि मुक्काम यांची एकत्र परीक्षा घेते, अस्थिवहन प्रामुख्याने मुक्कामाची. दोन्ही रेघांमधले अंतर म्हणजे वाटेत सांडलेला आवाज. सगळी मेख या अंतरात आहे.

आता मुलाचा कागद पाहू. दोन्ही कानांचे आकडे जवळपास सारखेच होते, म्हणून उजव्याचे सांगतो. ५०० हर्ट्झला वायुवहनाची खूण ४० डेसिबलवर, १००० ला ३५ वर आणि २००० ला २५ वर. अस्थिवहनाच्या खुणा मात्र तिन्ही ठिकाणी ५ वर, कागदाच्या अगदी माथ्याशी! अंतर अनुक्रमे ३५, ३० आणि २० डेसिबल. दोन्ही रेघांत १० डेसिबलपर्यंतचा फरक मोजणीच्या चुकीचा म्हणून सोडून देतात. हा फरक त्याहून पुष्कळ मोठा. मुक्काम निरोगी, वाट अडलेली. याला वहनजन्य बहिरेपणा म्हणतात. ३० डेसिबल हा आकडा दिसायला लहान, पण डेसिबलची चढण गुणाकाराची असते: दर १० डेसिबलला ध्वनिशक्ती दहापट. ३० डेसिबल सांडले म्हणजे हजार भागांतला एकच भाग आत पोहोचला.

वाट कशाने अडली हे श्रवणालेख सांगत नाही, हेही येथेच स्पष्ट करू. मळ साचला, पडद्याला छिद्र पडले, पडद्यामागे पाणी साठले किंवा रिकिबीचे हाड जखडले, तरी दोन रेघांमध्ये अंतर पडतेच. कारण शोधायला कानात पाहावे लागते. डॉक्टरांनी पाहिले, तेव्हा पडदा निस्तेज होऊन आत ओढला गेलेला दिसला. पडद्याची हालचाल मोजणाऱ्या यंत्रावर शिखर असायला हवे तिथे सपाट रेघ आली. वारंवारच्या सर्दीने मध्यकर्णात चिकट द्रव साचला होता. अशा मुलांत हा द्रव पुष्कळदा आपोआप ओसरतो. म्हणून डॉक्टरांनी तीन महिने वाट पाहण्यास सांगितले आणि नाही ओसरला तर पडद्यात बारीक नळी बसवण्याचा पर्याय ठेवला. आम्ही मुलाला पहिल्या बाकावर आणले. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. वर्गाच्या भिंती थोडे वाचवतात, पण पंखा आणि कुजबुज तेही हिरावून घेतात. मागच्या बाकावरून पुढे येणे हाच त्या तीन महिन्यांचा उपचार होता. तिसऱ्या महिन्याअखेर दुसरा श्रवणालेख निघाला, तेव्हा वायुवहनाची रेघ चढून अस्थिवहनाला जवळजवळ टेकली होती.

त्या दुपारचा दुसरा कागद वडिलांचा. तो पाहून आम्ही प्रथम फसलो. श्रवणतज्ज्ञ पुष्कळदा ५००, १००० आणि २००० हर्ट्झच्या आकड्यांची सरासरी काढतात. वडिलांचे आकडे १५, २० आणि ३५, सरासरी २३. मुलाची सरासरी ३३. आम्ही म्हणालो, "यांचे तर बरे आहे!" विद्यार्थिनी हसली नाही. ती म्हणाली, "सर, उजवीकडे पाहा." ४००० हर्ट्झला रेघ एकदम विहिरीत उतरावी तशी ६५ डेसिबलवर गेली होती आणि ८००० ला पुन्हा ५० पर्यंत वर आली होती. आणि अस्थिवहन? ४००० ला ६० डेसिबल. दोन्ही रेघा हातात हात घालून खाली उतरल्या होत्या. कुठेही ५ डेसिबलहून अधिक अंतर नव्हते. म्हणजे वाट मोकळी होती, मुक्कामीच दोष होता. हा संवेदन-मज्जातंतुजन्य बहिरेपणा. ४००० च्या आसपास खड्डा आणि पुढे पुन्हा चढ, ही आकृती प्रचंड आवाजात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांच्या कागदावर वारंवार दिसते. यंत्रमागाच्या खोलीत ९० डेसिबलहून अधिक आवाज असणे ही नेहमीची गोष्ट, आणि ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास काढले तरी कानाला धोका संभवतो.

या माणसाला हाक ऐकू येते, कारण स्वर खालच्या पट्टीत असतात. पण स, श, त, क यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीत असते आणि तीच गाळली जाते. मग 'साठ' की 'आठ' हे त्याला ओठ पाहून ठरवावे लागते. त्याची बायको म्हणते, "ऐकू येतंय, पण समजत नाही." या वाक्यात त्याचे सगळे निदान आहे. मेलेल्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत; त्यामुळे यावर औषध वा शस्त्रक्रिया नाही. उरलेले जपण्यासाठी कानात बोळे किंवा कानावर टोप्या, आणि गरज वाढली तर वरच्या पट्टीला जोर देणारे श्रवणयंत्र, एवढेच हाती राहते. काही जणांच्या कागदावर दोन्ही रेघा खाली असतात आणि शिवाय त्यांच्यात अंतरही असते. ती मिश्र प्रकारची गोष्ट: वाटही बिघडलेली, मुक्कामही.

इथवरचे ज्ञान घेऊन आम्ही स्वतःला जाणकार समजू लागलो होतो. तेव्हाच निपाणीहून एक कुटुंब आले. आई विडी वळणारी, मुलगी सोळा वर्षांची. सातव्या वर्षी गालगुंड झाले, तेव्हापासून उजवा कान गेलेला. एका ठिकाणी तपासणी करून त्यांना सांगण्यात आले होते, की दोष पडद्याच्या मागे आहे, शस्त्रक्रिया केली की ऐकू येईल. पैशांसाठी दागिने मोडायचे ठरले होते. आई म्हणाली, "गुरुजी, तुम्ही कागद वाचता म्हणे. एवढं बघा की ओ."

कागद पाहिला. उजव्या कानाचे वायुवहन सर्वत्र ६० डेसिबलच्या आसपास, अस्थिवहन मात्र ५ ते १० वर. अंतर ५० ते ५५ डेसिबल! आमच्या नव्या विद्येप्रमाणे हा उघड वहनजन्य दोष होता. तरीही मन घेईना. गालगुंडाने कान जातो तेव्हा तो बहुधा अंतर्कर्णातून जातो, असे विद्यार्थिनीकडूनच ऐकले होते. शिवाय अस्थिवहनाच्या सर्व खुणा टोकदार कंसाच्या होत्या. चौकोनी कंस एकही नव्हता. मुलीच्या आजाराशी कागद जुळत नाही एवढेच आम्हाला दिसले. निर्णय देण्याचा अधिकार आमचा नव्हता, म्हणून त्यांना बेळगावला पाठवले.

विद्यार्थिनीने कागद पाहताच विचारले, "दुसरा कान झाकून तपासला होता का?" यातील गोम अशी. कवटी एकसंध आहे. उजव्या कानामागे कंपक ठेवला, तरी कंप डाव्या अंतर्कर्णातही जवळजवळ तितक्याच जोराने पोहोचतात. मुलीचा डावा कान उत्तम होता. उजवीकडचे अस्थिवहन म्हणून जी रेघ उमटली, ती वस्तुतः डाव्या कानाने ऐकलेली होती. टोपीतला स्वरही साधारण ४० ते ६० डेसिबलनंतर कवटी ओलांडून पलीकडे ऐकू जाऊ लागतो. म्हणून उजव्याच्या वायुवहनाची रेघ ६० वर येऊन थांबली. तो उजव्या कानाचा आलेख नव्हता, डाव्या कानाची सावली होती. दोन सावल्यांमध्ये पडलेले अंतर खरे मानून शस्त्रक्रिया ठरली होती.

हे टाळण्यासाठी चांगल्या कानात मोजून मापून 'सूं' असा सलग आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवतात. याला मास्किंग म्हणतात. ते केल्यावर मिळालेले अस्थिवहन चौकोनी कंसाने आणि उजव्या कानाचे वायुवहन लाल त्रिकोणाने दाखवतात. मुलीच्या डाव्या कानात तो आवाज सुरू झाला आणि उजव्या बाजूची उत्तरे थांबली. यंत्राच्या कमाल आवाजालाही बटण दाबले गेले नाही. नव्या कागदावर खुणांना खाली जाणारे बाण जोडले गेले. बाण म्हणजे 'उत्तर नाही'. कान पूर्णपणे अंतर्कर्णातून गेलेला. पडद्यामागे दुरुस्त करण्यासारखे काहीच नव्हते.

मग तिने टेबलावरून ५१२ हर्ट्झचा नादकाटा उचलला, वाजवला आणि मुलीच्या कपाळाच्या मध्यावर टेकवला. "कुठे ऐकू येतंय?" मुलीने डाव्या, म्हणजे चांगल्या कानाकडे बोट दाखवले. आता आरंभीचा प्रयोग आठवा. बोटाने कान बंद करून आपण काही क्षण वहनजन्य दोष निर्माण केला होता आणि हाडातून येणारा आवाज त्या बंद कानातच मोठा वाटला होता. मुलीच्या कानाची वाट अडलेली असती, तर नादकाट्याचा आवाज तिला उजव्या कानात ऐकू यायला हवा होता. तो चांगल्या कानात गेला, म्हणजे दोष अंतर्कर्णाचा. ही चाचणी जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट हाइनरिख वेबर यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचे हे निरीक्षण १८३४ सालचे. वीज नाही, यंत्र नाही, आणि दोन मिनिटांत तिने आकड्यांचे अंतर खोटे पाडले. अर्थात नादकाटाही चुकू शकतो, कारण उत्तर माणसाच्या सांगण्यावर अवलंबून असते. म्हणून कागद, नादकाटा आणि रुग्णाची हकिकत, तिन्हींची साक्ष जुळली तरच निकाल द्यावा, असे विद्यार्थिनीने सांगितले.

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे ऐकू येणार नाही ते नाहीच." "नाही," विद्यार्थिनी म्हणाली, "त्या कानाने नाही. पण डावा कान शाबूत आहे, मावशी. त्याला जपा. आणि पैसे खर्च करू नका." मुलीला तिने वर्गात उजव्या टोकाच्या बाकावर बसायला सांगितले, म्हणजे शिक्षक आणि वर्ग चांगल्या कानाच्या बाजूला येतील. रस्त्यावर चालताना, गाडी कोणत्या बाजूने आली हे एका कानाने कळत नाही, म्हणून डोळ्यांनी पाहण्याची सवय करायला सांगितले. दागिने घरीच राहिले.

वाचकांपैकी कुणाच्या घरी असा कागद असेल, तर तो काढून त्यावर तीन गोष्टी अवश्य पाहाव्यात. दोन्ही रेघा आहेत का? नसल्या, तर बहिरेपणा किती हे कळेल. कोणत्या जातीचा ते कळणार नाही. असल्या, तर त्यांत अंतर आहे का? आणि अंतर असेल, त्यातही एक कान चांगला आणि एक अधू असेल, तर अस्थिवहनाचा कंस टोकदार आहे की चौकोनी? टोकदार असेल तर डॉक्टरांना नम्रपणे एवढेच विचारा, "दुसरा कान झाकून तपासला का?"

आमच्या शाळेपुरते सांगायचे, तर त्या पाचवीतल्या मुलाच्या प्रगतिपत्रकावरील आमचा शेरा आम्ही तांबड्या शाईने खोडला आणि शेजारी लिहिले, 'ऐकू येत नव्हते.' खाली सही केली. वर्ष संपताना तो ते प्रगतिपत्रक घरी घेऊन गेला.